निरोपाचे दोन मजकूर: एक शाखेसाठी, एक रीजनसाठी

माझी जन्मतारीख 1 जून 1964. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांची कागदोपत्री तारीख हीच आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. बँकेत साठ वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्ती असते, पण जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणून मी 31 मे 2024 ला, शुक्रवारी, निवृत्त झाले, आणि त्याच दिवशी बँकेतले इतरही बरेच जण झाले. 31 मे ला दुपारनंतर बँकेच्या मेलवर निरोपाची पत्रं एकामागून एक येऊन पडतात. दरवर्षी ती मी वाचत आले. कोणी ना कोणी ओळखीचं निघतं, म्हणून वाचायची.

ती वाचून एक गोष्ट लक्षात आली होती. बहुतेक पत्रं एकाच साच्यातली असतात. ‘इट हॅज बीन ॲन ऑनर अँड अ प्रिव्हिलेज’ अशी सुरुवात, मग जनरल मॅनेजरपासून खाली उतरत वरिष्ठांची नावं, मग ‘ऑल स्टाफ मेंबर्स’, शेवटी मोबाइल नंबर. खाली त्याचंच मराठी केलेलं. ज्यांच्यासोबत माणसाने रोजचे आठ-नऊ तास काढले, ते सगळे त्या ‘ऑल स्टाफ मेंबर्स’मध्ये बसवलेले. मला तसं करायचं नव्हतं. मेच्या मध्यावर, पीक कर्जाच्या गर्दीतून संध्याकाळी थोडा वेळ मिळू लागला तेव्हा मी लिहायला बसले.

माझी शेवटची शाखा बार्शीची, तिथे मी मॅनेजर होते. तालुक्याचं गाव, मोठी बाजार समिती, तूर आणि ज्वारीची आवक, मे-जूनमध्ये खरिपाच्या कर्जाची झुंबड. शाखेत सगळे मिळून जेमतेम एका जेवणाच्या टेबलाभोवती मावतील एवढी माणसं. हेड कॅशियर, क्लार्क, शिपाई मामा, सफाईच्या ताई, बंदूकधारी वॉचमन, सोन्याचं मूल्यांकन करणारे सराफ, पिग्मी एजंट हे सगळे आसपासचे. ऑफिसर मात्र बाहेरचे: एक ओडिशाचा, एक तेलंगणचा. दोघेही काउंटरवर मराठी छान बोलायला लागले होते. “काका, सातबारा नवीन आणा” हे तर ते झोपेतही म्हणाले असते. पण सलग मराठी मजकूर वाचायचा झाला तर त्यांना वेळ लागायचा. आणि शाखेबाहेर सोलापूरचं रीजनल ऑफिस, कर्जप्रकरणं तपासणारं प्रोसेसिंग सेंटर, मुंबईचा सिस्टिम हेल्प डेस्क, जुन्या शाखांमधून बदलून गेलेले अधिकारी. तिथे कोण पंजाबचं, कोण केरळचं.

तेव्हा वाचणारे दोन गट आहेत हे उघड होतं. एका गटाला मी रोज दिसत होते. दुसऱ्या गटाला मी फोनवरचा आवाज आणि मेलखालची सही एवढीच माहीत होते. पहिल्या गटाला मी कोण हे सांगायची गरज नव्हती, दुसऱ्या गटाला ते सांगावं लागणार होतं. पहिल्या गटातला प्रत्येक जण आपलं नाव शोधणार होता, दुसऱ्याला शाखेतल्या नावांशी काही देणंघेणं नव्हतं. एकच मजकूर दोन भाषांत करण्याचा विचार मी तिथेच सोडला. मराठी मजकूर शाखेसाठी, इंग्रजी मजकूर रीजनसाठी, आणि दोन्हींत वेगळं बोलायचं असं ठरलं.

रीजनल ऑफिसच्या राजभाषा अधिकाऱ्यांनी हिंदीतही करा असं सुचवलं. राजभाषा नियमांप्रमाणे महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात येतो आणि शाखेचा बराच पत्रव्यवहार आम्ही हिंदीतून करतोच. पण हे शाखेचं पत्र नव्हतं, माझं होतं. ज्या भाषांत मी लोकांशी खरोखर बोलत होते त्या दोनच घ्याव्यात असं मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी ते मानलं.

मराठी मजकुरात पहिली अडचण आली ती नावांच्या क्रमाची. हुद्द्याप्रमाणे लिहिलं की सफाईच्या ताई तळाला जातात आणि सराफ, पिग्मी एजंट तर यादीतच बसत नाहीत, कारण ते बँकेचे पगारी नोकर नाहीत. सेवाज्येष्ठतेने लिहिलं तर पुन्हा कोण आधी लागलं याचा हिशेब, आणि त्यावरून आमच्याकडे खरंच रुसवे होतात. आडनावाच्या अक्षरांप्रमाणे लिहिलं तर हजेरीपटासारखं दिसतं. एका संध्याकाळी तिजोरी बंद करून आम्ही बाहेर येत होतो तेव्हा मला क्रम सुचला. शाखेचा दिवस ज्या क्रमाने उघडतो आणि मिटतो, त्या क्रमाने माणसं घ्यायची. आधी ताई येतात, मग वॉचमन, मग मामा. मग हेड कॅशियर आणि जॉइंट मॅनेजर आपापली किल्ली घेऊन स्ट्राँगरूम उघडतात, कारण तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. मग काउंटर, मग शेती आणि कर्ज विभाग, दुपारी सराफ, संध्याकाळी पिग्मीचा भरणा, शेवटी व्हाउचर तपासून डे-एंड करणारा ऑफिसर. या क्रमात कोणी वर नाही, कोणी खाली नाही, आणि कोणी सुटतही नाही. दिवस मनात फिरवला की प्रत्येक माणूस आपल्या जागी भेटतो.

दुसरा नियम मी असा केला की प्रत्येकाबद्दल एकच गोष्ट लिहायची, आणि ती अशी हवी की शाखेतल्या इतरांनीही ती डोळ्यांनी पाहिली असेल. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘मनमिळाऊ’ हे शब्द मी बाजूला ठेवले. ते वार्षिक अहवालात लिहिते, आणि ते कुणालाही लागू पडतात.

हेड कॅशियरबद्दल लिहायला सगळ्यात वेळ लागला, कारण सांगण्यासारखं फार होतं. शेवटी 2023 चा मे निवडला. रिझर्व्ह बँकेने 19 मे ला दोन हजारांची नोट मागे घेत असल्याचं जाहीर केलं आणि 23 मे पासून नोटा बदलून द्यायला सुरुवात झाली, एका वेळी वीस हजारांपर्यंत. 2016 ची आठवण सगळ्यांच्याच मनात ताजी होती, त्यामुळे दाराबाहेर उन्हात रांग लागली. आमच्या हेड कॅशियरनी आदल्या संध्याकाळीच लॉकररूमबाहेरचा बाक आणि खुर्च्या आत ओळीने लावून घेतल्या आणि म्हाताऱ्या माणसांना उभंच राहू दिलं नाही. रांग खुर्च्यांवरून पुढे सरकत होती. ग्राहकाच्या समोर, त्याला दिसेल अशी मशीनवर नोट दोनदा मोजायची, शंका आली तर आवाज न चढवता बाजूला घ्यायची. त्या महिन्यात त्यांची कॅश रोज टॅली झाली. ही गोष्ट शाखेतल्या सगळ्यांनी पाहिलेली होती. मजकुरात तिला तीन वाक्यं मिळाली. इतरांना दोन-दोन. हा फरक मी मुद्दाम ठेवला, कारण कॅशियरच्या खुर्चीत बसून स्वतःच्या खिशातून फरक भरायची धास्ती काय असते ते मला माहीत आहे. मी 1988 मध्ये बँकेत क्लार्क म्हणून लागले, तेव्हा लेजर हाताने लिहायचो आणि ग्राहकाला पितळी टोकन द्यायचो. कॅश मोजायला मशीन नव्हतं.

मामांबद्दल नोव्हेंबर लिहिला. नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले घ्यायचे असतात, आणि जे अंथरुणाला खिळलेले आहेत त्यांच्याकडे बँकेतून कोणीतरी जावं लागतं. अर्जावरचा पत्ता म्हणजे ‘मारुती मंदिरामागे’ एवढाच. ऑफिसर बाहेरगावचा, त्याला गल्ली कशी कळणार. मामा पुढे चालायचे, दारातून हाक मारायचे, घरात गेल्यावर आधी तब्येत विचारायचे आणि मगच कागद पुढे करायचे. तेलंगणच्या ऑफिसरला हे गाव मामांनी दाखवलं, असं मी लिहिलं. वाचल्यावर तो ऑफिसरच म्हणाला, “मॅडम, बरोबर लिहिलं.”

शेती अधिकाऱ्याच्या दोन ओळींनी मला खरं कामाला लावलं. त्याने एका शेतकऱ्यासाठी जे केलं होतं ते मला फार भावलं होतं, आणि पहिल्या खर्ड्यात मी ते सविस्तर लिहिलं: गाव, बाग, नुकसान, थकलेलं कर्ज, पुनर्गठन. नाव लिहिलं नव्हतं. तरी बार्शीसारख्या गावात पीक आणि गाव सांगितलं की माणूस ओळखू येतोच. सरकारी बँकेत रुजू होताना आपण गुप्ततेच्या प्रतिज्ञेवर सही करतो. 1970 च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यात, कलम 13 मध्ये, ग्राहकाच्या व्यवहाराबद्दलची ही जबाबदारी स्पष्ट लिहिलेली आहे, आणि निवृत्तीच्या भाषणासाठी तिला सुट्टी नाही. निरोपाच्या पत्रांत हे फार वेळा घडताना दिसतं. ‘अमुक कारखान्याचं खातं मी आणलं’, ‘अमुक थकबाकी मी वसूल केली’ असं लोक अभिमानाने लिहितात, आणि ते पत्र फॉरवर्ड होत होत त्या ग्राहकापर्यंत पोचतं. मी ग्राहकाची गोष्ट काढून अधिकाऱ्याची सवय लिहिली. कागद अपुरे म्हणून आलेल्या माणसाला तो नुसतं “उद्या या” म्हणत नाही. सातबारा, आठ-अ, इतर बँकांचे नो ड्यूज, काय काय लागणार ते एका चिठ्ठीवर मराठीत लिहून हातात देतो. मराठी लिहायला तो त्या चिठ्ठ्यांवरच शिकला. गोष्ट गेली, पण माणूस तोच राहिला, आणि मला वाटतं जास्त नीट दिसला.

आदरार्थी रूपाचा विचारही करावा लागला. शाखेतल्या सगळ्यात लहान क्लार्कला मी रोज ‘तू’ म्हणते, ती माझ्या मुलीच्या वयाची आहे. मामांना ‘तुम्ही’, ताईंना ‘तुम्ही’, सराफांना ‘आपण’. एकाच मजकुरात हे तीन सूर लावले तर वाचणाऱ्याला कोण जवळचं आणि कोण लांबचं ते मोजता येतं. म्हणून प्रत्येकाबद्दल तिसऱ्या पुरुषात लिहिलं आणि सगळ्यांना ‘त्या’ आणि ‘ते’ केलं, क्लार्कलाही आणि ताईंनाही. त्यात दुजाभाव ठेवला नाही. शेवटचा परिच्छेद तेवढा सगळ्यांशी ‘तुम्ही’ म्हणून बोलला.

मजकुराची सुरुवात अशी होती. इथे नावं आणि मधली काही वाक्यं गाळली आहेत:

“नमस्कार. आपल्या शाखेचं शटर उघडतं त्याआधी ताई आलेल्या असतात. ग्राहक आत पाऊल टाकतो तेव्हा फरशी कोरडी असते, आणि पावसाळ्यातही कुणी घसरलं नाही, ते त्यांच्यामुळे. मग आपले फौजी दादा येतात. कॅशची गाडी आली की ते एक शब्द न बोलता सगळ्यांना दोन पावलं मागे घेतात. मामा आले की शाखेला गावातले पत्ते कळतात. साडेनऊनंतर दोन किल्ल्या येतात, आणि दोन्ही किल्ल्या वेळेवर आल्या नाहीत असा एकही दिवस मी इथे पाहिला नाही…”

आणि शेवट असा:

“उद्यापासून या दिवसात माझी जागा रिकामी असेल, काम रिकामं राहणार नाही, कारण चार्ज जॉइंट मॅनेजरांकडे आहे आणि त्यांना शाखा माहीत आहे. मी बार्शीतच राहणार नाही, पुण्याला मुलीकडे जाणार आहे. पुण्याला आलात तर घरी या, जेवायलाच या. कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल तर मनात ठेवू नका. तुम्ही सर्वांनी मला खूप सांभाळलंत.”

क्षमेची ती ओळ ठेवायची की नाही यावर मी बराच विचार केला. निरोपाच्या मराठी मजकुरात ती रीतीने येते, आणि मामांच्या पिढीला ती नसेल तर काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. म्हणून मराठीत ती ठेवली. इंग्रजी पत्रात मात्र ती मी अजिबात आणली नाही. बरेच जण तीच ओळ इंग्रजीत करून टाकतात: जाणते-अजाणतेपणी माझ्याकडून चुका झाल्या असतील तर माफ करा. शाखेतल्या माणसाला त्यातला नम्रपणा समजतो. पण तेच वाक्य ऑडिट आणि व्हिजिलन्स विभागासकट सगळ्या रीजनला जाणाऱ्या कार्यालयीन मेलवर, चार्ज देणाऱ्या मॅनेजरच्या सहीने जातं, तेव्हा वाचणारा ‘जाणतेपणी’ या शब्दापाशी थांबतो. कर्जखात्यांची जबाबदारी निवृत्तीनंतरही तपासली जाते, त्या वेळी मॅनेजरच्या जुन्या मेलही काढल्या जातात. ओडिशाच्या ऑफिसरला मी इंग्रजी खर्डा वाचायला दिला होता, त्यालाही मी हे सांगितलं. त्याच्या वडिलांनी शिकवलेल्या निरोपाच्या पत्रातही अशीच ओळ होती, असं तो म्हणाला.

इंग्रजी पत्र लहान झालं, फोनच्या पडद्यावर एकदा सरकवलं की संपेल एवढं. 31 मे ला इतकी पत्रं येणार असताना लांबलचक पत्र कोण वाचणार! पहिल्या ओळीत कोण, कुठली शाखा, कधी निवृत्त. दुसऱ्या ओळीत चार्ज कुणाकडे. तिथे मी जॉइंट मॅनेजरचं नाव न लिहिता हुद्दा लिहिला आणि शाखेचा अधिकृत मेल दिला, कारण कायमच्या मॅनेजरची ऑर्डर कधीही निघू शकते आणि मग मेलमधलं नाव लोकांना चुकीच्या खुर्चीकडे पाठवतं. प्रलंबित प्रकरणांचा उल्लेखही केला नाही. त्याची जागा चार्ज रिपोर्टमध्ये: रोख, सोनेतारणाची मोजलेली पाकिटं, कोरी चेकबुकं आणि ठेवपावत्या, किल्ल्या, कागदपत्रं, आणि कुठलं कर्जप्रकरण कोणत्या टेबलावर अडलंय. ते काम आम्ही शेवटचे दोन दिवस बसून केलं, दोघांच्या सह्या झाल्या, आणि निरोपाच्या पत्राला त्याचं ओझं राहिलं नाही.

आभारांत वरिष्ठांची नावं घेतली नाहीत. एकाचं घेतलं की दुसऱ्याचं का नाही हा प्रश्न येतो, आणि तीन वर्षांत रीजनल ऑफिसात माणसं बदललेलीही असतात. त्याऐवजी विभाग घेतले आणि प्रत्येकाचं काम सांगितलं. प्रोसेसिंग सेंटरने खरिपाच्या दिवसांत आमचे फोन रात्री आठनंतरही उचलले. हेल्प डेस्कने नेटवर्क पडलेल्या पेन्शनच्या दिवशी तास न् तास लाइन सोडली नाही, काउंटरसमोर बसलेली माणसं घरी गेली नाहीत. कॅश विभागाने सणाआधी लहान नोटा पाठवल्या. आणि एक ओळ बदलून गेलेल्या परप्रांतीय अधिकाऱ्यांसाठी, ज्यांनी आपल्या घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर येऊन मराठी शिकली. ती ओळ मी मनापासून लिहिली. आमच्या ग्रामीण शाखा ज्या चालतात त्यात या पोरांचा वाटा फार मोठा आहे, आणि निरोपाच्या पत्रांत त्यांचा उल्लेख मी क्वचितच वाचला होता.

इंग्रजी पत्राच्या शेवटी मोबाइल नंबर दिला नाही, खासगी मेल दिला. निवृत्तीची तारीख, शाखेचं नाव आणि मोबाइल नंबर एका जागी मिळाला की दुसऱ्या आठवड्यात “पेन्शन सेक्शनमधून बोलतोय, पीपीओ नंबर आणि ओटीपी सांगा” असा फोन येतो. हे फोन आमच्या पेन्शनर ग्राहकांना येताना मी रोज पाहत होते, आणि बँकेच्या निवृत्तांनाही ते येतात. शाखेच्या लोकांकडे माझा नंबर होताच.

पाठवायच्या वेळेबद्दल सांगते, कारण इथे बहुतेकांचं पत्र वाया जातं. बँकेचा मेल आयडी निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळनंतर बंद होतो. लोक सगळ्यांना भेटून, सत्कार झाल्यावर पाचला पत्र पाठवतात, उत्तरं रात्री आणि सोमवारी येतात, आणि ती कोणीच वाचत नाही. मी इंग्रजी पत्र 30 मे ला, गुरुवारी सकाळी पाठवलं. पूर्ण रीजनच्या यादीवर मेल टाकायला रीजनल ऑफिसची परवानगी लागते, ती आधीच घेऊन ठेवली होती. फोटोंचा कोलाज जोडला नाही, कारण जड मेल पुष्कळांच्या भरलेल्या मेलबॉक्सला अडकते. गुरुवारी दुपारपासून उत्तरं आली आणि ती मी त्याच आयडीवरून वाचली, जमेल तेवढ्यांना उलट लिहिलं.

मराठी मजकूर मी बँकेच्या कॉम्प्युटरवर टाइप केला नाही. तिथे राजभाषेसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, पण काही जुन्या मशिनांवर ‘ॲ’ हे अक्षर चौकट होऊन दिसतं आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा ऱ नीट उमटत नाही. फोनवर लिहिला, आणि शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चित्र न करता मजकूर म्हणूनच टाकला, म्हणजे ज्याला अक्षर मोठं करून वाचायचंय त्याला करता येतं. ताईंकडे स्मार्टफोन नाही आणि सराफ ग्रुपमध्ये नाहीत, त्यांच्यासाठी मोठ्या टाइपात छापून घेतला. छापताना पानाच्या शेवटी सही केली, निळ्या शाईने. ताईंच्या मुलाने तो त्यांना वाचून दाखवला, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

31 ला दुपारी निरोप समारंभ झाला. मी मराठी मजकूर वाचून दाखवला, कारण दोन्ही बाहेरच्या ऑफिसरांना ऐकून सगळं समजतं. दिवसाच्या क्रमाने नावं येत गेली तेव्हा पुढचं नाव कुणाचं हे लोकांच्या आधीच लक्षात यायला लागलं आणि ते एकमेकांकडे बघून हसायला लागले. डे-एंड करणाऱ्या ऑफिसरचं नाव येईपर्यंत तर सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. मला वाचताना मध्ये दोनदा थांबावं लागलं. मामांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

ग्रुप सोडण्याआधी ॲडमिनचे हक्क जॉइंट मॅनेजरकडे दिले. शाखेच्या ग्रुपवर पीक कर्जाचे रोजचे आकडे येतात, ते निवृत्त माणसाने बघायचे नसतात. नंतर पंढरपूर भागातल्या एका मॅनेजर मैत्रिणीचा फोन आला. तिची निवृत्ती ऑगस्टअखेर होती आणि तिला मराठी मजकुराची प्रत हवी होती. मजकूर मी दिला नाही, त्यातली माणसं आमच्या शाखेची होती. तिच्या शाखेचं शटर सकाळी कोण उघडतं एवढंच विचारलं, आणि ती फोनवरच सांगायला लागली.